लांब एडिटची नोंद : रफ कट ते v08

माहितीपटाचा रफ कट आता सलग बघता येतो. मुलाखतींचं फुटेज बरंच आहे, त्यामुळे या टप्प्यावर नवे कट लावण्यापेक्षा मांडणी पक्की करण्यात जास्त वेळ गेला.

फाइलींच्या नावांचं आधीच ठरवलं होतं. कॅमेरा प्रत्येक कोऱ्या कार्डावर पुन्हा `C0001.MP4` पासून सुरुवात करू शकतो. एकाच नावाच्या दोन फाइली असल्या की री-लिंक करताना भलतीच क्लिप जोडली जाते, आणि लांबी जवळपास सारखी असेल तर ते पटकन लक्षातही येत नाही. तरी मूळ फाइलींची नावं मी बदलत नाही, कारण सोबतची `C0001M01.XML` तिच्या क्लिपपासून तुटते. फोल्डरलाच `20240316_CAMA_CARD02` असं नाव देते. क्लिपचं ओळखीचं नाव फक्त प्रोजेक्टमध्ये बदलते, डिस्कवर नाही.

बिन मोजकेच ठेवलेत: मुलाखती, दृश्यं, आवाज, चालू सिक्वेन्स आणि जुन्या सिक्वेन्स. बिनमध्ये बिन वाढत गेले की शोधाशोध पुन्हा सुरू होते.

खरं काम निघालं ते अभिप्रायांमुळे. v07 दोघांना बघायला पाठवला आणि इकडे v08 वर काम चालू ठेवलं. त्यात सुरुवातीचे 40 सेकंद गेले. मग टिपण आलं: ‘23:14 ला वाक्य अर्धवट तुटतंय.’ v08 मध्ये ती जागा 22:34 ला सरकली आहे. 23:14 वर गेलं तर जुन्या कटमधलं 23:54 समोर येतं, आणि तिथलं वाक्य अगदी व्यवस्थित आहे.

म्हणून पाठवलेली सिक्वेन्स तिथेच गोठवायची. तिची डुप्लिकेट काढून पुढचा आकडा द्यायचा आणि पुढचं सगळं काम त्या डुप्लिकेटमध्येच करायचं. आकडा दोन अंकी हवा, नाहीतर नावांच्या क्रमात v10 हा v2 च्या वर येऊन बसू शकतो. एक्स्पोर्टच्या कोपऱ्यात व्हर्जन आणि टाइमकोड दिसेल असा ठेवते, म्हणजे टिपण कुठल्या कटवरचं आहे हे विचारावं लागत नाही. टिपणं आली की मार्कर आधी गोठवलेल्या v07 वरच लावायचे आणि तिथून ती फ्रेम v08 मध्ये शोधायची.

मार्करचेही दोन प्रकार वेगळे ठेवलेत. मुलाखतीतलं चांगलं वाक्य क्लिपवर नोंदवते. तो मार्कर फुटेजला धरून राहतो, क्लिप कुठेही हलवली तरी. दुरुस्त्या टाइमलाइनवर, लाल रंगात. रिपल डिलीट केल्यावर टाइमलाइनचे मार्कर कटबरोबर सरकतात की जागीच राहतात, हे सेटिंगवर ठरतं. दुरुस्त्या करायला बसण्याआधी ते एका छोट्या कटवर तपासून घ्या. मार्कर जागीच राहत असतील तर टाइमलाइनच्या शेवटाकडून सुरुवातीकडे दुरुस्त्या करत यावं. मग पुढचा भाग सरकला तरी उरलेले मार्कर आपापल्या जागी बरोबर असतात.

v08 मध्ये अजून सात लाल मार्कर शिल्लक आहेत. ते संपले की v09 साउंडसाठी वेगळी काढणार.