टॉवर प्रॉपर्टी आणि नोट्समधलं ते ‘उघडच आहे’

एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या प्रोबॅबिलिटीच्या पेपरचं बाकी सगळं मी विसरले तरी चालेल, पण आमच्या नोट्समधली एक ओळ विसरायची नाही. कंडिशनल एक्स्पेक्टेशनच्या टॉवर प्रॉपर्टीचं विधान, खाली कंसात ‘उघडच आहे’, आणि पुढचं पान मार्टिंगेलचं. ज्याला उघड दिसतं त्याने दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या तर काय शाई संपली असती? वर्गात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘व्याख्या लावा.’ आता व्याख्याच गळ्याखाली उतरलेली नसताना ती लावायची कुठे?

मेझर, इंटिग्रल वगैरे रेटून नेलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते इथे: बारावीपासून ‘पहिलं नाणं छापा पडलं असताना सरासरी किती’ याचं उत्तर एक आकडा असायचं. आणि इथे अचानक E[X | G], म्हणजे G ही माहिती हाताशी असताना X ची सरासरी, हा रँडम व्हेरिएबल आहे म्हणतात. सरासरी काढायची म्हणजे अनिश्चितता घालवायची, मग ती परत आली कुठून?

हॉस्टेलवरच्या एका सीनियर ताईने मला पुस्तक मिटायला लावलं. ‘अगं, आधी आठ ओळी लिही, मग माझ्याशी भांड,’ म्हणाली. त्या आठ ओळी इथे देते, कारण त्या वहीत असत्या तर माझं अर्धं सत्र वाचलं असतं.

दहा, पाच आणि दोन रुपयांची तीन नाणी उडवायची. छापा पडेल ते नाणं आपलं. X म्हणजे एकूण मिळालेले रुपये. आठ शक्यता, प्रत्येकीची संभाव्यता १/८, आणि X ची सरासरी १७ चा निम्मा, म्हणजे ८.५.

आता समजा तुम्हाला फक्त पहिली दोन नाणी दाखवली, दोन रुपयांचं झाकलं. ही माहिती म्हणजे G. तिने आठ शक्यतांचे चार गट पडतात, आणि एका गटातल्या दोन शक्यता तुम्हाला वेगळ्या ओळखता येत नाहीत. प्रत्येक गटात X ची सरासरी घ्या. दोन्ही छापे असतील तर १५ अधिक झाकलेल्या नाण्याचा १, म्हणजे १६. फक्त दहाचं छापा असेल तर ११, फक्त पाचचं असेल तर ६, दोन्ही काटे असतील तर १. a, b हे पहिल्या दोन नाण्यांचे छापे (१ किंवा ०) मानले तर

```
E[X | G] = 10a + 5b + 1
```

इथे माझी ट्यूब पेटली. झाकलेल्या नाण्याची अनिश्चितता सरासरीत गेली, पण पहिली दोन नाणी अजून उडायचीच आहेत. ती कशी पडतील त्यावर १६, ११, ६ की १ हे ठरणार. म्हणून उत्तर रँडम व्हेरिएबल. ‘दहाचं छापा, पाचचं काटा असताना सरासरी ११’ हा बारावीतला आकडा म्हणजे या फंक्शनची एक किंमत. परीक्षेत E[X | Y = y] आणि E[X | Y] यांत गल्लत केली की मार्क जातात ते यामुळेच. पहिला आकडा, दुसरा Y चं फंक्शन.

कोल्मोगोरोव्हने १९३३ मध्ये दिलेली व्याख्या याच चित्रावर बसते. अटी दोन. एक, E[X | G] ची किंमत G मधल्या माहितीवरूनच ठरली पाहिजे. दोन, G ला ओळखता येईल अशा कुठल्याही घटनेवर तिचं इंटिग्रल आणि X चं इंटिग्रल सारखं आलं पाहिजे. Y सतत असेल तर Y = y या घटनेची संभाव्यता शून्य असते, तिने भागता येत नाही, म्हणून एकेका किमतीऐवजी घटनांवरून व्याख्या केली आहे. त्याच्या बदल्यात उत्तर फक्त ‘जवळजवळ सर्वत्र’ एकमेव असतं, त्यापलीकडे नाही.

दुसरी अट आकड्यांनी तपासून बघाच. ‘पहिल्या दोनांत नेमका एक छापा’ ही घटना घ्या. तीत चार शक्यता, X च्या किमती १२, १०, ७, ५, बेरीज ३४. E[X | G] च्या किमती ११, ११, ६, ६, बेरीज ३४. जुळलं. आता ‘दोन रुपयांचं नाणं छापा’ ही घटना घ्या. X ची बेरीज १७ + १२ + ७ + २ = ३८, E[X | G] ची मात्र १६ + ११ + ६ + १ = ३४. जुळत नाही, आणि जुळावं अशी अपेक्षाही नाही, कारण झाकलेलं नाणं G ला दिसतच नाही.

आता ते ‘उघड’ प्रकरण. H ही आणखी कमी माहिती: पहिल्या दोनांत किती छापे एवढंच सांगितलं, कुठलं नाणं ते नाही. G माहीत असेल तर H आपोआप कळतं, म्हणून H हे G च्या पोटात. टॉवर प्रॉपर्टी म्हणते

```
E[ E[X | G] | H ] = E[X | H]
```

एक छापा असेल तर G ची उत्तरं ११ आणि ६ सारख्याच शक्यतेची, सरासरी ८.५. थेट X वरून: ३४ भागिले ४, तेही ८.५. शून्य छाप्यांना १, दोन छाप्यांना १६. या तिन्हींची सरासरी १/४, १/२, १/४ या वजनांनी घेतली तर ०.२५ + ४.२५ + ४ = ८.५, मूळची E[X].

सिद्धताही हीच. H मधली कुठलीही घटना A घ्या. A वर डाव्या बाजूचं इंटिग्रल E[X | G] च्या इंटिग्रलएवढं, ही H ची व्याख्या. E[X | G] चं इंटिग्रल X च्या इंटिग्रलएवढं, ही G ची व्याख्या, पण ती लावायची तर A ही G मध्येही असायला हवी. H पोटात असण्याची गरज लागते ती फक्त या एका पायरीला. नोट्समध्ये गाळलेली पायरीही नेमकी हीच.

पोटात नसेल तर काय होतं? K म्हणजे तिन्हींत मिळून किती छापे, आणि F म्हणजे फक्त दहाचं नाणं. दोन्हींपैकी कुणीच कुणाच्या पोटात नाही. E[X | K] = 17K/3. दहाचं छापा असताना K ची सरासरी २, म्हणून E[ E[X | K] | F ] येतं ३४/३, म्हणजे ११.३३. खरं E[X | F] मात्र १० + ३.५ = १३.५. काटा असताना ५.६७ येतं, खरं ३.५. आणि गंमत बघा, चुकीच्या दोन उत्तरांची सरासरी काढली तर बरोबर ८.५! त्यामुळे शेवटची सरासरी जुळली म्हणून गणित बरोबर असं समजू नका, एकेका गटाची किंमत तपासा. गणित सोडवताना आधी विचारायचं: दुसरी माहिती पहिलीवरून काढता येते का?

हो, एक राहिलं. क्रम उलटा करून E[ E[X | H] | G ] विचारलं तर घाबरू नका. E[X | H] ही G ला आधीच माहीत असलेली किंमत आहे, सरासरी घेण्यासारखं काही उरलेलं नसतं, म्हणून तीच बाहेर येते. आमच्या तोंडी परीक्षेत हेच विचारलं होतं, आणि मी ‘उघडच आहे’ म्हणाले नाही. १, ८.५ आणि १६ फळ्यावर लिहून दाखवले.