तक्रार ‘लॅपटॉप स्लो आहे’ अशी लिहू नका

जाहिरातीत गेमचं नाव होतं, १०८० पी, हाय सेटिंग आणि ‘१०० एफपीएस’, म्हणजे सेकंदाला १०० फ्रेम्स. घरी आलेल्या लॅपटॉपवर त्याच सेटिंगला सरासरी ६० च्या आसपास. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: सर्व्हिस सेंटरला दाखवा. तिथे नेलं असतं तर ‘कोणताही बिघाड नाही’ असा कागद हातात आला असता, आणि तोच पुढे माझ्याविरुद्ध दाखवला गेला असता. खरंच, बिघाड नव्हताच! वर्णन खोटं होतं, म्हणून तक्रार वॉरंटीखाली न करता ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ अशी करायची ठरवली.

त्याआधी आपली बाजू पक्की हवी. चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडवर, ड्रायव्हर अद्ययावत करून गेममधलाच बेंचमार्क चालवला आणि स्क्रीनवर ग्राफिक्स चिपचं तापमान आणि वॉट ठेवले. चिप तापून मंदावत असेल तर एफपीएस सुरुवातीला चांगला असतो आणि मग घसरतो. इथे तो पहिल्या मिनिटापासून तेवढाच होता, तापमान सत्तरीच्या आत आणि वीज ६० वॉटवर अडकलेली. म्हणजे मर्यादा कंपनीनेच घातलेली. माझ्या लॅपटॉपमधली आरटीएक्स ४०६० ही ग्राफिक्स चिप ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बसवता येते, नाव मात्र तेच राहतं. आपल्या लॅपटॉपची मर्यादा एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलच्या System Information मध्ये Maximum Graphics Power या ओळीत दिसते. विक्रेत्याच्या पानावर वॉटचा आकडा कुठेच नव्हता.

मग ईमेल लिहिला. राग गाळून टाकला, कारण रागाला उत्तर देणं सोपं असतं. ऑर्डर क्रमांक आणि सीरियल नंबरनंतर मजकूर असा:

‘आपल्या पानावर या गेमसाठी १०० एफपीएस असं लिहिलं होतं (तारखेसह स्क्रीनशॉट जोडला आहे). त्याच सेटिंगला सरासरी ६० मिळतात (व्हिडिओ जोडला आहे). चिपची कमाल मर्यादा ६० वॉट आहे, हे आपल्या पानावर नमूद नाही. ही दुरुस्तीची मागणी नाही. माल वर्णनाप्रमाणे नसल्याने तो आपल्या खर्चाने परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. १४ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.’

‘परफॉर्मन्स कमीजास्त होऊ शकतो’ असं पहिलं उत्तर आलं. मी एवढंच विचारलं की तुमचे १०० कोणत्या वॉटच्या मशीनवर मोजले आणि त्यात फ्रेम जनरेशन चालू होतं का? (ते चालू असेल तर मधल्या फ्रेम्स चिप स्वतःच तयार करते आणि आकडा फुगतो.) यावर उत्तर आलं नाही, पण पानावरचा ‘१०० एफपीएस’ गुपचूप गायब झाला. स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवला होता, तो आता दुप्पट कामाचा ठरला. बदललेलं पान जुन्याशेजारी लावून पाठवलं, तेव्हा प्रकरण वरिष्ठांकडे गेलं आणि परतावा मंजूर झाला. मशीन देण्यापूर्वी डिस्क पुसली आणि पॅकिंगचा व्हिडिओ काढला, म्हणजे ‘ओरखडा होता’ म्हणून रक्कम कापायला वाव राहिला नाही.