‘सॅम आले’ म्हणजे कोण आले?

चाळीस पानांची एक इंग्रजी गोष्ट मराठीत आणायला मला सहा दिवस लागले. त्यातल्या एका सर्वनामापायी फाइल तीन आठवडे माझ्याकडून एजन्सीकडे आणि एजन्सीकडून माझ्याकडे फिरत राहिली. त्या तीन आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

गोष्टीतलं मुख्य पात्र सतरा वर्षांचं आहे. नाव बदलून त्याला सॅम म्हणू. सॅम स्वतःला मुलगा म्हणवत नाही आणि मुलगीही म्हणवत नाही. इंग्रजीत सॅमसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘दे’ हे सर्वनाम आहे, अनेकवचनी दिसणारं पण एका माणसासाठीचं. मेरियम-वेब्स्टरच्या शब्दकोशाने या अर्थाची नोंद 2019 साली केली. इंग्रजीत काम तिथेच संपतं, कारण तिथे क्रियापदाला माणूस बाई की बुवा याच्याशी देणंघेणं नाही. आपल्याकडे ‘आला’, ‘आली’, ‘आलं’ यातलं एक निवडल्याशिवाय माणूस दारातून आतसुद्धा येत नाही.

फाइलसोबत सूचनापत्र आलं होतं. त्यात एक ओळ होती: एकवचनी ‘दे’ म्हणजे ‘ते’. बस्स. ही ओळ कुणी लिहिली देव जाणे, पण लिहिताना त्या माणसाने एकही वाक्य पूर्ण करून पाहिलं नव्हतं. मी पाहिलं. इंग्रजीत सॅम उशिरा येतं तो प्रसंग तीन वाक्यांत होता: यायला उशीर, अंगभर भिजलेलं, दमलेलं; खिडकीपाशी बसणं; गप्प राहणं. पत्राप्रमाणे केलं तर असं झालं:

‘सॅम उशिरा आले. ते चिंब भिजले होते आणि दमलेले दिसत होते. ते खिडकीपाशी बसले आणि काहीच बोलले नाहीत.’

वाचा आणि सांगा, डोळ्यांसमोर कोण आलं? मला तरी छत्री विसरलेले, निवृत्तीला टेकलेले हेडमास्तर दिसले. माणसासाठी ‘ते आले’ म्हटलं की आदर आला, आणि आदरातही पुरुष आला, कारण बाईसाठी ‘त्या आल्या’ आहे. आदरार्थी बोललं की लिंग झाकलं जातं, हा समज मराठीत टिकत नाही.

मग एकवचनी नपुंसकलिंग? ‘सॅम आलं, ते भिजलं होतं.’ पिल्लू झालं. गंमत म्हणजे अनोळखी माणसासाठी आपण हेच रोज वापरतो: ‘कोण आलंय?’, ‘कुणीतरी छत्री विसरून गेलं.’ तेव्हा इंग्रजी ‘दे’ नुसतं ‘कुणीतरी’ या अर्थाने आलं असेल तर डोकं खाजवायची गरजच नाही, मराठीत सोय आहे. अडतं ते ओळखीच्या, नाव असलेल्या माणसाशी. सॅमच्या आजीच्या तोंडी मात्र मी हेच नपुंसक मुद्दाम ठेवलं: ‘पोर दमलंय गं, आधी चहा दे.’ आजीला ते शोभतं. निवेदकाला शोभत नाही.

शेवटी मी केलं ते असं:

‘सॅमला यायला उशीर झाला. कपड्यांतून पाणी निथळत होतं, चेहऱ्यावर थकवा होता. सॅमने खिडकीपाशची खुर्ची ओढली आणि तोंडातून शब्द काढला नाही.’

यात चलाखी काही नाही, व्याकरणाची कृपा आहे. ‘सॅमने खुर्ची ओढली’ यात ‘ओढली’ खुर्चीमुळे आहे, सॅममुळे नाही. सॅमला भूक लागते, हसू येतं, रडू फुटतं; तिथेही क्रियापद भुकेचं, हसूचं, रडूचं. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’ ही रूपं दोघांनाही सारखी, पण तिथे परत आदर डोकावतो, म्हणून मी नावच पुन्हा पुन्हा घेतलं. भविष्यकाळ तर निर्धोक: ‘येईल’, ‘बसेल’. ‘जात आहे’ही चालतं, फक्त बोलण्यातलं ‘जातोय’ किंवा ‘जातेय’ झालं की गेलं.

फसवणारी क्रियापदं वेगळीच आहेत. ‘म्हणणे’, ‘बोलणे’, ‘विसरणे’, ‘शिकणे’, ‘जिंकणे’ यांना कर्म असूनही ती कर्त्याच्याच मागे जातात: म्हणाला, विसरली, जिंकला. आणि संवाद असलेल्या गोष्टीत ‘म्हणाला’ दर पानावर दहादा. मी ‘सॅमने विचारलं’, ‘सॅमने सांगितलं’, ‘सॅमचं उत्तर आलं’ यांवर भागवलं. कुठे बोलणाऱ्याचा उल्लेखच काढला.

हे सलग चाळीस पानं केलं की एक दोष येतो, तो लपवत नाही. सॅमला सगळं ‘होतं’, सॅम काही ‘करत’ नाही, असं वाटायला लागतं. पहिल्या मसुद्यात सॅम अगदी लोळागोळा झालं होतं (पाहा, माझ्याकडूनही नपुंसक येतंच). दुसऱ्या फेरीत मी मुद्दाम ‘ने’ची वाक्यं वाढवली: दार उघडलं, दगड उचलला, मान डोलावली.

आता फाइल परत येण्याची कथा. एजन्सीचं तपासणीचं सॉफ्टवेअर प्रत्येक ‘दे’समोर ‘ते’ शोधत होतं. माझ्याकडे एकही ‘ते’ नाही. सगळी फाइल लाल. दुसऱ्यांदा लाल. तिसऱ्यांदा शेरा आला, ‘कृपया सूचनांचे पालन करावे.’ मी समन्वयकाला फोन केला. गोड मुलगा, पण एकच पालुपद.

“मॅडम, क्लायंटचं शीट आहे. आपण बदलू शकत नाही.”

“बदलू नका. फक्त ऐका,” म्हटलं आणि पत्राप्रमाणे केलेलं अर्धं पान वाचून दाखवलं.

तो थोडा वेळ गप्प. मग, “हे सॅम म्हणजे त्यांचे सर आहेत का?”

दोन दिवसांत शीटमधली ओळ बदलली. फोनवर वाचून दाखवायचं हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. ईमेलमधून मी दोन पानांचं व्याकरण समजावत बसले होते आणि ते कुणी वाचलं नव्हतं.

आधी सांगायचं राहिलं: ‘व्यक्ती’ या शब्दाच्या नादी लागू नका. ‘ती व्यक्ती आली’ इथे स्त्रीलिंग शब्दाचं आहे खरं, पण पुढच्या वाक्यात ‘ती’ नुसतं उभं राहिलं की वाचकाच्या मनात बाई तयार.

आणि स्वतः सॅमच्या बोलण्याचं काय? इंग्रजीला ही अडचण कळतही नाही. ‘मी आलो’ की ‘मी आले’? हे मी लेखकाला विचारायला लावलं, आणि उत्तर आलं की कुठेच ठरू देऊ नका. मग ‘मी इथेच वाढलो’ऐवजी ‘माझं बालपण इथलंच’, ‘मी निघालो’ऐवजी ‘निघतच आहे’.

सगळ्यात कठीण प्रसंग शेवटून तिसऱ्या पानावर होता. मामा सॅमला मुद्दाम मुलगी असल्यासारखं बोलतो आणि सॅम त्याला दुरुस्त करतं, ‘शी’ नाही, ‘दे’. मी तर सर्वनामच सगळीकडून हाकलून दिलं होतं. दुरुस्त करून द्यायचं काय? दोन दिवस तो परिच्छेद तसाच पडून होता. मग लक्षात आलं की चाळीस पानांत सॅमला कुणीच ‘आली’ म्हटलेलं नाही. मामाने पहिल्यांदा म्हटलं तर ते आपोआपच टोचेल.

‘सॅम आली का?’ मामाने आतून विचारलं.

‘आली नको,’ सॅमने दारातूनच सांगितलं. ‘नुसतं सॅम.’

सॉफ्टवेअरने हेही लाल केलं. यावेळी समन्वयकाने मला न विचारताच ती लाल खूण काढून टाकली.