अलिबागच्या इस्राएल आळीपासून नवगावपर्यंत: बेने इस्राएलींच्या कबरी वाचताना

मांडव्याच्या धक्क्यावर उतरून अलिबागला पोचलात की बहुतेकांचा रस्ता किनाऱ्याकडे आणि कुलाबा किल्ल्याकडे वळतो. मला मात्र इस्राएल आळीतून सुरुवात करायला आवडते. मागेन आबोथ हे बेने इस्राएलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, प्रार्थनास्थळ तिथेच आहे, आणि कबरस्तानात जायचं तर आधी तिथल्या मंडळींना विचारावं. शुक्रवारी सूर्यास्तानंतर आणि शनिवारी दिवसभर या कामासाठी जाऊ नये, तो शब्बाथ असतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच गवत छातीपर्यंत येतं आणि दगडांवर शेवाळ चढतं. जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत सोयीचे.

सकाळी उन्हं तिरपी असताना पोचावं. झिजलेलं अक्षर समोरच्या उजेडात सपाट दिसतं, बाजूने उजेड आला की खाचेत सावली पडते आणि ते वाचता येतं. दगडाची तोंडं सगळ्या दिशांना असतात, म्हणून हातभर आरसा जवळ असावा. ऊन आरशावर घेऊन दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासत जाईल असं टाका, एकदा डावीकडून, एकदा वरून, आणि दोन्ही वेळा फोटो घ्या. आडवी रेघ एका उजेडात हरवते, उभी दुसऱ्यात. स्वच्छतेला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. खडू, पीठ, तारेचा ब्रश, आम्ल यांतलं काहीही दगडाला लावू नका. रंगवलेल्या अक्षरांवर तर विशेष संशय घ्या. वर्षानुवर्षांनी रंग भरणारा माणूस खाच अंदाजाने भरतो आणि ३ चा २ करून ठेवतो. रंग नव्हे, खाच वाचायची.

अनेक दगडांवर मराठी आणि हिब्रू असा दुहेरी मजकूर असतो, काहींवर इंग्रजीही. मराठी मजकूर आपल्याला वाचता येतो म्हणून हिब्रूचा नुसता फोटो काढून पुढे जायचा मोह होतो. पण तारखेचा पडताळा आणि बाईच्या बापाचं नाव बहुधा हिब्रूतच सापडतं. सगळी भाषा येण्याची गरज नाही, बावीस अक्षरं आणि त्यांच्या किमती पुरतात, कारण तारीख अक्षरांनीच लिहिलेली असते. वर पे आणि नून अशी दोन अक्षरं दिसली तर ‘येथे पुरले आहे’ ही सुरुवात. वर्षाच्या शेवटच्या अक्षराआधी दोन बारीक रेघा असतात, त्यावरून हा शब्द नव्हे, आकडा आहे हे कळतं.

वर्षातले पाच हजार सहसा लिहीत नाहीत. ताव ४००, रेश २००, आयिन ७०, टेथ ९, म्हणजे ६७९, म्हणून वर्ष ५६७९. १८३९ च्या शरदापासून १९३९ च्या शरदापर्यंत प्रत्येक वर्षाची पहिली दोन अक्षरं ताव-रेश हीच, तिथून पुढे ताव-शीन. त्यामुळे दुसरं अक्षर पुसट असलं तरी बिघडत नाही, डोळे शेवटच्या दोनांवर ठेवायचे. गोंधळ तिथेच होतो. दालेथचा (४) कोपरा झिजला की तो रेशसारखा दिसतो, हे (५) आणि हेथ (८) यांत फरक फक्त डाव्या पायाच्या फटीचा, आणि वाव (६) व झायिन (७) यांत फक्त डोक्याच्या आडव्या रेघेचा.

एक नमुना सोडवून दाखवतो. तो मी समजावण्यासाठी रचला आहे, पण दिनदर्शिकेचा हिशेब खरा आहे. मराठीत आहे: ‘मयत ता. २ आक्टोबर १९१८, बुधवार, वय ३५’. हिब्रूत: काफ-झायिन, तिश्री, ताव-रेश-आयिन-टेथ. काफचे २० आणि झायिनचे ७, म्हणजे तिश्री महिन्याची २७ तारीख, वर्ष ५६७९.

आधी वर्ष. हिब्रू वर्षातून ३७६० वजा करायचे असं सरसकट सांगितलं जातं, त्याने इथे १९१९ येईल आणि ते चूक ठरेल. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात तिश्रीपासून सुरू होतं, म्हणून तिश्री ते डिसेंबरअखेरच्या तारखांना ३७६१ वजा करायचे. उत्तर १९१८, मराठी मजकुराशी जुळतं. आता दिवस. १ तिश्री ५६७९ हा ७ सप्टेंबर १९१८, शनिवार होता. तिथून २७ तिश्री येतो ३ ऑक्टोबर, गुरुवार. मराठी ओळ म्हणते २, बुधवार. एक दिवसाची तफावत.

लगेच ‘दगड चुकला’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही. इथे तीन शक्यता उरतात. पहिली, मृत्यू बुधवारी सूर्यास्तानंतर झाला. हिब्रू दिवस संध्याकाळी सुरू होतो, त्यामुळे बुधवारची रात्र ही २७ चीच. दुसरी, झायिन म्हणून वाचलेलं अक्षर वाव आहे, मग तारीख २६ आणि सगळं जुळलं. तिसरी, हिब्रूत दफनाची तारीख आहे, कारण ज्यू रीतीत दफन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उरकतात. निकाल लावायला आरसा पुन्हा त्या अक्षरावर धरा: माथ्यावरची रेघ दांड्याच्या दोन्ही बाजूंना गेली असेल तर झायिन, फक्त डावीकडे असेल तर वाव. हिब्रूत वाराआधी ‘लेल’, म्हणजे रात्र, हा शब्द असेल तर पहिली शक्यता पक्की. तो नसेल तर दफनाच्या नोंदवहीपर्यंत दोन्ही तारखा टिपणात ठेवा.

वार हा फुकटचा साक्षीदार आहे. मराठीतला २ खरं तर ३ असता तर वार गुरुवार असायला हवा होता. बुधवार कोरलेला आहे म्हणजे २ टिकतो. देवनागरीत १ आणि ९ ही जोडी सर्वांत घातक. वय १९ की ११ हे वार सांगू शकत नाही, तिथे नवरा-बायको-मुलांचा उल्लेख कामाला येतो.

वयाचंही असंच. ‘वय ३५’ ही पूर्ण वर्षं असतील तर आपल्या नमुन्यातल्या माणसाचा जन्म ऑक्टोबर १८८२ ते ऑक्टोबर १८८३ मधला. चालू वर्ष धरून लिहिलं असेल तर एक वर्ष पुढे. वंशावळीत ‘१८८३’ एवढंच टाकलं की तो आकडा पुढे दाखल्यासारखा फिरतो. ‘सुमारे १८८२–८४, दगडावरील वयावरून’ असं लिहावं.

नात्यांसाठी दोन्ही मजकूर शेजारी ठेवा. पुरुषाच्या मराठी नावात स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गावावरून आलेलं आडनाव येतं, हिब्रूत ‘बेन’, म्हणजे मुलगा, आणि बापाचं नाव. सामाजी म्हणजे शमुएल, एलोजी म्हणजे एलियाहू, अबाजी म्हणजे अब्राहाम, बन्नाजी म्हणजे बेन्यामीन. ही जोडी ठाऊक नसेल तर एकच माणूस दोन माणसं होऊन बसतो. उलटही घडतं: सामाजी एलोजी हे नाव आजोबालाही असू शकतं आणि नातवालाही, तिथे वेगळं करतं ते वय. बाईच्या बाबतीत मराठी ओळ बहुधा नवऱ्याचं नाव देते आणि हिब्रू ओळ ‘बाथ’ म्हणून बापाचं. माहेर शोधायचं तर तीच एक ओळ असते, आणि नेमकी तीच लोक फोटोतून कापतात.

अलिबागहून उत्तरेला, थळच्या पुढे, नवगावला आवर्जून जा. जहाज फुटून सात जोडपी किनाऱ्याला लागली आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं, अशी समाजाची परंपरा आहे. तिथला स्तंभ ही स्मृती सांगतो. तो अलीकडच्या काळात उभारलेला आहे, त्यावरून कुणाची मृत्युतारीख काढायची नसते. आजूबाजूला अक्षर नसलेले जुने दगड आहेत, त्यांची जागा आणि दिशा टिपावी, नाव चिकटवू नये. आडनावातल्या गावालाही जन्मगाव समजू नका. रोहेकर म्हणजे घराणं कधीकाळी रोह्याचं, कबरीतला माणूस मुंबईत किंवा कराचीतही जन्मलेला असू शकतो.