‘राहू दे’ जमलं, ‘सोड’वर तीन आठवडे अडलो

गेल्या पावसाळ्यात आमच्या बंड्याने कुणीतरी दाणे खाऊन फेकलेल्या कणसाचा तुकडा गिळला. कणसाचा दांडा कुत्र्याला पचत नाही. तो आतड्यात अडकला, उलट्या थांबेनात, शेवटी पोट उघडून काढावा लागला. टाके निघाल्यावर त्याला दोन शब्द शिकवायला घेतले: ‘राहू दे’ म्हणजे तोंड लावू नको, ‘सोड’ म्हणजे तोंडातलं खाली टाक.

‘राहू दे’ आठवड्यात आलं. मुठीत बिस्कीट धरायचं, त्याने चाटलं-ओरबाडलं तरी मूठ उघडायची नाही. तो मागे सरला की दुसऱ्या हातातून चिकन द्यायचं. मुठीतलं बिस्कीट त्याला कधीच द्यायचं नाही, नाहीतर ‘राहू दे’ म्हणजे ‘जरा थांब, मग खा’ असं तो शिकतो. पुढे तेच जमिनीवर, पायाखाली झाकून.

‘सोड’वर मात्र घोडं अडलं. एका ट्रेनरने सांगितलं होतं, पट्टा ओढा, जबडा उघडा, बोटाने काढा. मी तसंच केलं आणि बंड्या आणखी घाईने गिळायला लागला. मी दोन पावलं टाकली की तोंडातलं गायब! त्याच्या लेखी मी हिसकावून घेणारी होते, मग त्याने गिळून टाकणं साहजिकच. त्या सल्ल्याचा राग अजून जात नाही, कारण त्यापायी बिर्याणीच्या गाडीजवळचं शिजलेलं हाड माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या पोटात गेलं. शिजलेली हाडं फुटून टोकदार होतात. त्या वेळी नशिबाने निभावलं.

मग सगळं उलटं केलं. तोंडात काहीच नसताना ‘सोड’ म्हणायचं आणि लगेच उकडलेल्या चिकनचे पाच-सहा बारीक तुकडे जमिनीवर टाकायचे. तो खात असताना बोटाने एकेक तुकडा दाखवत राहायचं, म्हणजे माझा हात तोंडाजवळ आला तरी त्याला धास्ती वाटत नाही. एका वेळी दहादा, दिवसातून तीनदा. आठव्या दिवशी शब्द ऐकताच त्याची मान खाली गेली, तेव्हा मला रडूच आलं. त्यानंतरच तोंडात वस्तू असताना म्हटलं: आधी त्याला फारसा न आवडणारा दोर, मग चेंडू, मग चावायची काठी. सोडलेली वस्तू बहुतेक वेळा परत दिली. ‘सोड’ म्हणजे कायमचं गेलं, असं त्याला वाटता कामा नये.

एक राहिलं. हे पक्कं होईपर्यंत फिरायला नेताना तोंडाला जाळीचं मझल घाला. त्यातून कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. त्याची सवयही आधी घरात, खाऊ देऊन लावा. मी ते उशिरा आणलं.

उंदराच्या औषधाची वडी कुत्र्याने तोंडात घेऊन टाकली तरी तेवढ्यावर थांबू नका. वेष्टन सापडलं तर उचला आणि तडक डॉक्टरांकडे जा. काही विषांची लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात.

परवा बंड्याने कोपऱ्यावर कणीस उचललं. मी जागची हलले नाही, ‘सोड’ म्हटलं आणि खिशातलं चिकन खाली टाकलं. कणीस माझ्या चपलेजवळ पडलं.