आभाराचा कागद

“तुम्ही आभार मानायला उभे राहता तेव्हा लोक खुर्च्या सरकवत नाहीत, आणि एकदा बोलावलेले वक्ते पुन्हा यायला तयार होतात. हे कसं काय जमतं?”

आधी माझी फजिती सांगतो. सोलापुरात टॉवेल आणि चादरींच्या रंगाईत काम करणारे आम्ही तीस-चाळीस जण महिन्यातून एकदा संध्याकाळी जमतो, आणि आभारप्रदर्शन बहुधा माझ्या वाट्याला येते. पूर्वी मी ते आदल्या रात्रीच लिहून ठेवत असे. एकदा जाहीर झालेला विषय सांडपाण्याचा होता, परंतु वक्त्यांनी समोरच्या मंडळींचा कल पाहून बॉयलरमधील वाफेच्या बचतीवर बोलणे पसंत केले. मी मात्र शेवटी उभा राहून ‘सांडपाण्यासारख्या क्लिष्ट विषयावर आपण जो प्रकाश टाकलात’ हे वाक्य ठसक्यात वाचून दाखवले. सभा हसली, वक्तेही हसले. पण आपले बोलणे या गृहस्थांनी ऐकलेच नाही, हे त्यांना कळले.

तेव्हापासून आदल्या रात्री मी फक्त नावे लिहितो. वक्त्यांचे, जागा देणाऱ्यांचे, माईक सांभाळणाऱ्या मुलाचे; आणि प्रत्येक नावाचा उच्चार ज्याचा त्याला विचारून घेतो. आमच्याकडे तेलुगू आडनावे पुष्कळ आहेत, आणि ज्याचे आडनाव माईकवर मोडले त्याचे पुढच्या गोड शब्दांकडे लक्ष राहत नाही. बाकीचा कागद व्याख्यान चालू असताना भरायचा. त्यात दोनच गोष्टी हव्यात: वक्त्यांचे एक वाक्य त्यांच्याच शब्दांत, आणि श्रोत्यांपैकी एकाचा प्रश्न, विचारणाऱ्याच्या नावासह.

इचलकरंजीहून आलेले एक अनुभवी रंगाई-तंत्रज्ञ रिॲक्टिव्ह रंगांवर बोलले, त्या दिवसाचे उदाहरण देतो. पहिल्या धुण्यात टॉवेलचा रंग जातो तो बहुधा धाग्याशी जोडला गेलेला रंग नसतो, तर पाण्याशी संयोग होऊन निकामी झालेला आणि धुऊन न काढलेला रंग असतो, हे त्यांनी नीट उलगडून सांगितले. रंगाईत घातलेले मीठ पाण्यात उरले असेल तर ते या निकामी रंगालाही धाग्याकडे ढकलत राहते. म्हणून “साबणाआधी मीठ काढा,” असे ते म्हणाले. हे वाक्य मी जसेच्या तसे टिपले. नंतर मागच्या रांगेतील एका पर्यवेक्षकांनी विचारले की, आम्ही तीनदा साबण देतो तरी गडद लाल रंग उतरतो, तो का? वक्त्यांनी त्यांनाच उलट विचारले, “साबणाआधी साध्या पाण्याच्या खळबळण्या किती?” उत्तर आले, “एक.”

माझे आभार याच संवादातून सुरू झाले. ‘आता आभारप्रदर्शनासाठी मी निमंत्रित करतो’ ही घोषणा आम्ही बंद केली आहे, कारण ती कानावर पडताच निम्मी सभा चपला शोधू लागते. शेवटचे उत्तर संपते त्याच क्षणी मी बोलू लागतो, आणि चहाची किटली माझे बोलणे होईपर्यंत दाराबाहेर थांबते. (चहावाल्याला हे पटवायला दोन महिने लागले.) त्या दिवशी मी म्हणालो: “सर, तुमचं ‘साबणाआधी मीठ काढा’ हे वाक्य आमचे हे पर्यवेक्षक उद्याच करून पाहणार आहेत. एकाच खेपेत रंगवलेले दोन टॉवेल, एकाला साबणाआधी एक खळबळणी, दुसऱ्याला तीन. दोन्हींवर ओलं पांढरं फडकं ठेवून गरम इस्त्री, आणि ती दोन फडकी पुढच्या बैठकीत या टेबलावर. त्यांचा प्रश्न नसता तर आपण हे वाक्य वहीत लिहून विसरलो असतो, म्हणून आभार त्यांचेही.” मग चार नावे, पुढच्या बैठकीची तारीख, आणि संपले. सगळे मिळून तीन मिनिटांच्या आत.

यात एक पथ्य आहे. त्या पर्यवेक्षकांना मी प्रश्नोत्तरे चालू असतानाच चिठ्ठी पाठवून ‘करून पाहाल का, तसं जाहीर करू का?’ असे विचारले होते. न विचारता एखाद्याच्या गळ्यात काम टाकले तर तो पुढच्या वेळी येणारच नाही. शिवाय प्रत्येक व्याख्यानातून करून पाहण्याजोगे काही निघतेच असे नाही. कायद्यातील बदलांवरच्या एका व्याख्यानानंतर मी ओढूनताणून असेच एक ‘काम’ जाहीर केले, आणि ते कोणीही केले नाही. अशा वेळी टिपलेले वाक्य आणि विचारणाऱ्याचे नाव एवढ्यावरच थांबावे. प्रायोजकांची यादी तर मी वाचतच नाही. ती दाराशी फलकावर असते.

पुढच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी इचलकरंजीहून फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. “फडकी आणणार आहेत ना ते? मी येतोय.”