वीस गुणांचा विदर्भ

साकोली तालुक्यातल्या आमच्या अभ्यासिकेत रविवारी मी भूगोलाचा सराव पेपर घेतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून मुलांना माहितीपेक्षा उत्तराची बांधणी जास्त छळते. त्या रविवारचा वीस गुणांचा प्रश्न सरळ होता: ‘विदर्भाची प्राकृतिक रचना, जलप्रणाली, हवामान आणि साधनसंपत्ती यांचे वर्णन करा.’ इथल्याच मातीतली पोरं, म्हणून हा प्रश्न सगळ्यांना सोपा वाटला. प्रत्यक्षात तोच सगळ्यांना जड गेला.

त्यातली एक उत्तरपत्रिका लक्षात राहिली. लिहिणारी दर्यापूरकडची, लग्न होऊन आमच्या शेजारच्या गावात आलेली. तिच्या उत्तरात शोधूनही एक विधान चुकीचं सापडत नव्हतं. गाविलगडाचे डोंगर, अजिंठ्याच्या रांगा, पूर्णेचं खोरं, गडचिरोलीचे डोंगर, सगळं होतं. पुढे नऊ नद्यांची नावं. मग उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, नागपूरच्या तापमानासह. शेवटी अकरा जिल्ह्यांची साधनसंपत्ती, जिल्हावार. मी तिला वीसपैकी आठ गुण दिले.

ती वही घेऊन आली. ‘सर, यात चुकलं काय?’

‘चुकलं काहीच नाही, ताई. आता असं करा, तुमचा तिसरा परिच्छेद आधी वाचा, मग चौथा, मग पहिला.’

तिने वाचलं, आणि वाचतानाच तिच्या लक्षात आलं. उत्तराचं काहीच बिघडत नव्हतं. परिच्छेद कुठेही हलवले तरी चालतात म्हणजे त्यांच्यात क्रम नाहीच. प्रश्नात आलेली चार शीर्षकं तेवढी एकाखाली एक बसली आहेत. प्राकृतिक रचना, जलप्रणाली, हवामान, साधनसंपत्ती हा क्रम परीक्षक देतो कारण आधीच्याने पुढच्याचं कारण पुरवावं अशी त्याची अपेक्षा असते. ते कारण पोचतंय का, हे आपल्या वहीत आपल्यालाच तपासता येतं.

आम्ही ते शेवटून तपासलं. तिच्या साधनसंपत्तीच्या परिच्छेदातल्या एकेका शब्दावर बोट ठेवून मी विचारत गेलो, हे इथं का आहे ते वर कुठे लिहिलंय? कापूस. ‘काळी माती आहे म्हणून.’ काळी माती का? ‘बेसाल्टपासून झाली.’ बेसाल्ट वर आलाय? नव्हता आला. वणी-घुग्घुसचा कोळसा. त्याचं मूळ गोंडवाना खडकात; गोंडवाना हा शब्द उत्तरात कुठेच नाही. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज, सूरजागडचं लोहखनिज. दोन्ही जुन्या कठीण खडकातली. त्या खडकांचाही पत्ता नाही. पेन्सिलने मागे जाणारे बाण काढत गेलो तर बहुतेक बाण अधांतरी राहिले. पहिल्या परिच्छेदात डोंगर होते, मैदानं होती. ती ज्या खडकाची बनली तो खडक नव्हता. आणि विदर्भाची अर्धी साधनसंपत्ती त्या खडकावर उभी आहे.

तेव्हापासून मी वर्गात हेच सांगतो: लिहायचं वरून खाली, पण आराखडा करायचा खालून वर. कच्च्या जागेत आधी साधनसंपत्तीतल्या सहा-सात गोष्टी मांडायच्या. प्रत्येकीला काय लागतं ते बाजूला लिहायचं. जे लागतं तेवढंच वरच्या तीन परिच्छेदांत घ्यायचं. एरवी पहिला परिच्छेद शिखरांच्या उंचीने फुगतो आणि शेवटचा दोन ओळींत आटोपतो.

दुसरी अडचण जास्त खोल होती. तिने भूरचना चार भागांत वाटली होती, नद्या एका यादीत, हवामान ऋतूंत आणि साधनसंपत्ती जिल्ह्यांत. प्रत्येक परिच्छेदाची कापणी वेगळी, म्हणून एकाचा तुकडा दुसऱ्याच्या तुकड्यावर बसत नव्हता. चारही परिच्छेदांना एकच काप लागतो, आणि विदर्भात तो निसर्गानेच करून ठेवलाय. पश्चिमेकडून पसरत आलेला दख्खनचा बेसाल्ट साधारण नागपूरजवळ संपतो; सीताबर्डीची टेकडी त्याच्या काठावरच उभी आहे. तिथून पूर्वेला ग्रॅनाइट, नीस असे फार जुने खडक. या दोहोंच्या सांध्यावर, वर्धा नदीच्या खोऱ्यात, गोंडवाना खडकांचा पट्टा आणि त्यात कोळसा. ही सांध्याची रेघ धरली की पश्चिम आणि पूर्व असे दोन भाग चारही परिच्छेदांत तसेच नेता येतात.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे सर, माझं माहेर रेघेच्या त्या बाजूला अन् सासर या बाजूला. तिकडे काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाय रुततो, विहिरीचं पाणी खारं. इकडे गावागावात तलाव.’

मी म्हटलं, हेच लिहायचं, परीक्षेच्या भाषेत.

जलप्रणालीचा परिच्छेद आधी दुरुस्त केला. नऊ नावं पाठ असल्याने परीक्षकाला काही कळत नाही. पाणी कुठल्या समुद्राला जातं हे त्याला वाचायचं असतं. पूर्णा पश्चिमेला वाहते, तापीला मिळते, तिचं पाणी अरबी समुद्रात. उरलेला बहुतेक विदर्भ गोदावरीचा. बैतुल जिल्ह्यातल्या मुलताई परिसरात तापीही उगम पावते आणि वर्धाही, इतका तो जलविभाजक अरुंद आहे. वर्धा आग्नेयेला येते, पैनगंगा तिला मिळते, वैनगंगा उत्तरेकडून उतरते, आणि वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होऊन सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. तीन-चार वाक्यांत सगळी जलप्रणाली आली, आणि वाक्यांचा क्रम पाण्याच्या उताराचाच राहिला.

हवामानात मुलं सर्वात जास्त शाई घालवतात. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, समुद्र लांब असल्याने उन्हाळा-हिवाळ्यातली तफावत मोठी, हे एका वाक्यात संपतं. पुढच्या परिच्छेदाला हवामानाकडून मुख्यतः एक गोष्ट हवी असते: पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढतो. अकोला-बुलढाण्याकडे साधारण 800 मिलिमीटर, नागपूरजवळ 1100च्या आसपास, गडचिरोलीकडे 1400-1500. अरबी समुद्राकडून येणारे वारे सह्याद्रीवर रिते होऊन वऱ्हाडात पोचतात. पूर्व भागाला बंगालच्या उपसागरातून छत्तीसगडमार्गे सरकत येणारे कमी दाबाचे पट्टे पाणी देतात. इथे मात्र सावध राहावं लागतं. खडक एका रेघेवर बदलतो, पाऊस तसा एकदम बदलत नाही, तो हळूहळू वाढत जातो. म्हणून ‘रेघेच्या पूर्वेला पाऊस जास्त’ असं न लिहिता ‘पूर्वेकडे वाढत जातो’ असं लिहायचं. पाऊस बेसाल्टमुळे कमी आहे असा अर्थ निघाला तर गुण जातात, आणि ते जायलाच हवेत.

मेळघाटाचं काय, हा तिचा पुढचा प्रश्न. पश्चिमेला असून तिथे पाऊस भरपूर, कारण चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे. अपवादाला स्वतंत्र परिच्छेद दिला की उत्तराचा कणा मोडतो. त्याचं नाव भूरचनेत एकदा घ्यायचं, हवामानात ‘उंचीमुळे मेळघाटाचा अपवाद’ इतकंच, आणि साधनसंपत्तीत सागवानाशी जोडून सोडून द्यायचं. खारपाणपट्टाही तसाच. तो कमी पावसाच्या खात्यात टाकून मुलं मोकळी होतात. पण त्याचा धागा पूर्णा खोऱ्याच्या खोल गाळात आणि त्यातल्या खाऱ्या भूजलात आहे, म्हणून त्याची सोय पहिल्या परिच्छेदात गाळाचा उल्लेख करून आधीच करून ठेवावी लागते.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही तलावांवर घालवला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मालगुजारी तलाव तिने ‘सिंचनाची साधने’ म्हणून एका शब्दात उरकले होते. खरं तर चारही परिच्छेद एकाच ठिकाणी भेटतात ते या तलावांत. जमीन चढउताराची, म्हणून थोड्या लांबीच्या पाळीत पाणी अडतं. खाली कठीण खडक, पाणी मुरतं कमी, म्हणून ते टिकतं. पाऊस भरपूर पण चार महिन्यांत उरकणारा, म्हणून साठवण्यावाचून गत्यंतर नाही. आणि धानाला बांधीत उभं पाणी लागतं. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे तलाव बांधले ते जमिनीची ही नस ओळखूनच. तिने तिथेच बसून साधनसंपत्तीचा परिच्छेद असा लिहिला:

‘पूर्व विदर्भातील कठीण, कमी सच्छिद्र खडक, उंचसखल भूभाग आणि चार महिन्यांत एकवटलेला 1200 मिमीहून अधिक पाऊस यांमुळे तलाव-सिंचन व भातशेती विकसित झाली. याच प्राचीन खडकांत भंडारा-नागपूरचे मँगनीज व गडचिरोलीचे लोहखनिज आढळते. याउलट पश्चिमेस बेसाल्टजन्य काळी मृदा ओलावा धरून ठेवत असल्याने मध्यम पावसातही कापूस येतो. दोहोंच्या सीमेवरील वर्धा खोऱ्यात गोंडवाना खडकांतील कोळसा आहे.’

यातलं प्रत्येक कारण वर कुठेतरी आलेलं आहे. आम्ही बोललो त्यापलीकडे नवीन माहिती तिने घातली नव्हती. उलट जिल्हावार यादीतला बराच भाग गळाला. अकरा जिल्हे सुटतील ही तिची भीती शेवटपर्यंत होती. पण गुण जिल्हे मोजून मिळत नाहीत.

वेळेचा हिशेबही बसवावा लागतो. तीन तासांत 250 गुण, म्हणजे वीस गुणांना जेमतेम चौदा मिनिटं. त्यातली दोन आराखड्याला, दोन नकाशाला, दहा लिहायला. नकाशात विदर्भाची बाह्यरेषा, वर सातपुडा, डावीकडे पूर्णेचा बाण, उजवीकडे वर्धा-वैनगंगेचा संगम, आणि मधून खडकांच्या सांध्याची तुटक रेघ. नकाशा पहिल्या परिच्छेदाच्या लगेच खाली काढला तर पुढच्या तीन परिच्छेदांत ‘आकृतीतील तुटक रेषेच्या पूर्वेस’ एवढं म्हणून भागतं आणि शब्द वाचतात. उत्तराच्या शेवटी काढलेला नकाशा कुणाच्या कामाला येत नाही.

उठता उठता तिने विचारलं, ‘सर, कोकण आलं तर? तिथं पण पूर्व-पश्चिमच?’

‘तुम्हीच सांगा. कोकणात जमीन कशी बदलत जाते?’

तिने वहीवर बोटानेच पट्टे ओढले. किनाऱ्याची खलाटी, मग वलाटी, मग सह्याद्रीचा पायथा. ‘पश्चिमेकडून पूर्वेकडेच बदलते, पण पट्टे किनाऱ्याला समांतर, उभे. अन् तिथं पाऊस डोंगरामुळेच वाढतो, म्हणजे हवामान थेट भूरचनेतून काढता येईल. विदर्भासारखं बाहेरून आणावं लागणार नाही.’

पुढच्या रविवारच्या पेपरात मी कोकणच घातलं.